गाठ किती वाढली? भांड्यातल्या पाण्याला विचारा

मागच्या महिन्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती. पंचेचाळिशीच्या एक ताई दहावीतल्या मुलाला सोबत घेऊन आल्या. गळ्याला डाव्या बाजूला थायरॉइडची गाठ. दीड वर्षापूर्वी सोनोग्राफी झाली तेव्हा ती जवळजवळ गोल होती आणि तिचा व्यास २० मिलिमीटर होता. त्या वेळी सुईने पेशी काढून तपासणीही झाली होती आणि गाठ साधी निघाली होती. या वेळच्या सोनोग्राफीत व्यास २४ मिलिमीटर आला. मी केसपेपरवर पुन्हा सुईची तपासणी लिहिली, तशा ताई नाराज झाल्या.

"डॉक्टर, चारच मिलिमीटर तर वाढलीय. बोटाचं नखसुद्धा त्याहून मोठं असतं. आता पेरणीचे दिवस आहेत, दिवाळीनंतर बघू."

मुलाने आईची बाजू घेतली. "वीसाचे चोवीस झाले, म्हणजे वीस टक्के फक्त."

मी त्याला विचारले, "दहावीला आहेस ना? महत्त्वमापनाचा धडा झाला का? पाण्याच्या भांड्यात गोळा टाकला तर पाणी किती चढेल, असं गणित असतं बघ त्यात."

"झालाय. परीक्षेला येतंच ते."

"मग तेच गणित आईच्या गाठीला लाव."

हे गणित बहुतेकांनी शाळेत केलेले असते. वृत्तचितीच्या आकाराचे, म्हणजे सरळ उभ्या बाजूंचे एक भांडे, त्यात थोडे पाणी, त्यात एक भरीव गोळा सोडला, तर पातळी किती वाढेल? सूत्रात आकडे घातले, उत्तर आले, चार गुण मिळाले आणि गणित विसरले. मला मात्र सोनोग्राफीचा अहवाल वाचताना ते नेहमी आठवते. म्हणून आज ते नीट पाहू.

पाणी नेमके किती चढते?

गोळा पाण्यात पूर्ण बुडाला की तो स्वतःच्या आकारमानाएवढी जागा अडवतो. तेवढे पाणी बाजूला सरते आणि भांड्याला बाजू असल्याने ते वरच जाते. वर चढलेल्या पाण्याचा जो थर तयार होतो, तो भांड्याच्या रुंदीची एक चपटी चकती असते. या चकतीचे घनफळ आणि गोळ्याचे घनफळ सारखेच. सगळे गणित एवढेच आहे.

शाळेत ते त्रिज्या आणि पाय घालून लिहितात. तिथे पाय दोन्ही बाजूंनी उडून जातो. व्यासात लिहिले तर सूत्र लक्षात ठेवायला सोपे होते:

पातळीतील वाढ = २/३ × गोळ्याचा व्यास × (गोळ्याचा व्यास ÷ भांड्याचा व्यास)चा वर्ग

यातला २/३ हा आकडा आर्किमिडीजचा आहे. गोळा जेमतेम मावेल अशा वृत्तचितीत तो ठेवला, म्हणजे तिची रुंदी आणि उंची दोन्ही गोळ्याच्या व्यासाएवढी असेल, तर गोळा तिची बरोबर दोन तृतीयांश जागा व्यापतो. हा शोध त्याला इतका प्रिय होता की त्याच्या थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी सिसेरो सिसिलीत अधिकारी म्हणून गेला, तेव्हा झाडाझुडपांत हरवलेले ते थडगे त्याने याच खुणेवरून ओळखले.

आता आकडे घालू. भांड्याचा आतला व्यास ६ सेंटिमीटर आणि गोळा २ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण मोठ्या गोटीएवढा. वाढ येते ०.१५ सेंटिमीटर, म्हणजे दीड मिलिमीटर. डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढीच. आता गोळा ४ सेंटिमीटरचा घेऊ. व्यास दुप्पट झाला. पाणी चढते १.१९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १२ मिलिमीटर. दीडाचे बारा, म्हणजे आठपट.

गोळा लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना वाढतो, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. हे वाचून पटते, पण मनावर ठसत नाही. त्यासाठी हात ओले करावे लागतात.

घरी करून बघण्यासारखे

सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. स्टीलचा पेला घेऊ नका. आपले बहुतेक पेले तळाशी निमुळते आणि तोंडाशी रुंद असतात. त्यात जसजसे वर जावे तसतशी तीच वस्तू पाणी कमी चढवते आणि सूत्र खोटे ठरते. बरणी सरळ आहे की नाही हे तपासायला माझी एक दवाखान्यातली युक्ती आहे. १० मिलिलिटरची सिरिंज घ्या. सुईशिवायची, औषधाच्या दुकानात मिळते. बरणीचा आतला व्यास ६ सेंटिमीटर असेल तर २८ मिलिलिटर पाण्याने पातळी जवळजवळ बरोबर १ सेंटिमीटर चढायला हवी. तळाजवळ एकदा आणि वरच्या भागात एकदा, असे दोनदा करून बघा. दोन्ही वेळा सारखी वाढ आली तर बरणी कामाची.

आता मुलांच्या खेळण्यातली, पाण्यात न विरघळणारी रंगीत क्ले घ्या. २ सेंटिमीटर व्यासाच्या आठ गोळ्या वळा. बरणीला बाहेरून पट्टी चिकटवा, निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि पातळी लिहून ठेवा. एक गोळी अलगद सोडा. वरून टाकली तर पाणी उडते आणि उडालेले पाणी हिशेबातून जाते. गोळीला चिकटलेले हवेचे बुडबुडे काडीने झटकून टाका, कारण बुडबुडाही जागा अडवतो. पाण्याची कड काचेला लागते तिथे किंचित वर चढलेली दिसते. ती सोडून मधली सपाट पातळी वाचा, आणि डोळे पातळीच्या रेषेत आणून वाचा. वाढ दीड मिलिमीटर.

एकेक करत आठही गोळ्या सोडा. पातळी १२ मिलिमीटर चढेल. आता त्या बाहेर काढा, पुसा आणि सगळ्या एकत्र मळून एकच गोळा करा. त्याचा व्यास मोजा. १६ सेंटिमीटर येणार नाही, आठही येणार नाही. तो येईल फक्त ४ सेंटिमीटर. आठ गोळ्यांची क्ले, आणि व्यास मात्र दुप्पटच. हा गोळा पाण्यात सोडा, पातळी पुन्हा तेवढीच १२ मिलिमीटर चढेल.

मी हा प्रयोग आमच्या इंटर्न मुलामुलींपुढे करतो. डॉक्टर झालेली मुले. तरीही आठ गोळ्यांचा एक गोळा झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सर, एवढाच?" व्यास बघून आकारमानाचा अंदाज घेताना आपला डोळा असा फसतो.

जड गोळा पाणी जास्त चढवतो का?

हा प्रश्न हमखास येतो. काचेची गोटी आणि तेवढ्याच आकाराचा लोखंडी छरा, कोण जास्त पाणी चढवेल? दोघेही सारखेच. बुडालेल्या वस्तूचे वजन पाण्याच्या पातळीला कळत नाही, फक्त आकारमान कळते.

तरंगणाऱ्या वस्तूचे मात्र उलटे आहे. टेबल टेनिसचा चेंडू बरोबर ४ सेंटिमीटर व्यासाचा असतो, आपल्या क्लेच्या मोठ्या गोळ्याएवढाच. पण त्याचे वजन २.७ ग्रॅम. तो बरणीत सोडला तर तरंगतो आणि आपल्या वजनाएवढेच पाणी सारतो. पातळी जेमतेम १ मिलिमीटर चढते. आता तारेच्या टोकाने तो पूर्ण पाण्याखाली दाबा. पातळी १२ मिलिमीटरपर्यंत जाते. चेंडू तोच, पाणी तेच. आधी पाण्याने वजन सांगितले, आता आकारमान सांगितले. म्हणून गणितात 'भरीव गोळा' म्हटलेले असते तेव्हा तो बुडतो, हे गृहीत धरलेले असते.

'थोडे पाणी' या शब्दांतला सापळा

आता त्या गणितातला असा भाग, जिथे हुशार मुलेही घसरतात. भांडे 'अर्धवट भरलेले' असते. पण अर्धवट म्हणजे किती? गोळा सोडल्यावर पाण्याने त्याला पूर्ण झाकले नाही तर काय?

त्याच ६ सेंटिमीटरच्या बरणीत फक्त २ सेंटिमीटर उंच पाणी घ्या आणि ४ सेंटिमीटरचा गोळा सोडा. सूत्र म्हणते, पातळी १.१९ ने वाढून ३.१९ सेंटिमीटर होईल. पण गोळ्याची उंचीच ४ सेंटिमीटर आहे. म्हणजे पाण्याच्या वर गोळ्याचा माथा दिसत राहणार. माथा बाहेर असेल तर त्याने पाणी सारलेलेच नाही, आणि आपण मात्र सूत्रात पूर्ण गोळ्याचे घनफळ धरले. उत्तरानेच आपले गृहीत खोटे ठरवले.

खरे उत्तर काढायचे तर बुडालेल्या भागाचेच घनफळ धरावे लागते. तो भाग किती, हे पातळीवर अवलंबून, आणि पातळी त्या भागावर. त्यामुळे समीकरण घनाचे होते. या आकड्यांसाठी ते सुदैवाने सुबक सुटते: पातळी बरोबर ३ सेंटिमीटरवर थांबते, वाढ बरोबर १ सेंटिमीटर. ताळा करून बघा. ३ सेंटिमीटरपर्यंत बुडालेल्या या गोळ्याचा भाग आणि बरणीतला १ सेंटिमीटर उंच पाण्याचा थर, दोन्ही २८.३ घन सेंटिमीटर भरतात. म्हणजे पूर्ण गोळ्याच्या ३३.५ पैकी सुमारे ८४ टक्के.

म्हणून नियम असा: सूत्राने शेवटची पातळी काढा आणि ती गोळ्याच्या व्यासाहून कमी नाही ना, हे बघा. कमी असेल तर सूत्र इथे लागू नाही. या बरणीत ४ सेंटिमीटरचा गोळा झाकायला सुरुवातीला निदान २.८२ सेंटिमीटर पाणी हवे. दुसऱ्या टोकालाही तसेच. बरणी काठोकाठ असेल तर पाणी सांडते आणि पातळी काठावरच राहते. तेव्हा सांडलेले पाणी मोजायचे.

भांड्याच्या रुंदीचाही मोठा वाटा आहे. ६ ऐवजी ३ सेंटिमीटर रुंद नळी घेतली तर तीच २ सेंटिमीटरची गोटी दीडऐवजी ६ मिलिमीटर पाणी चढवते. रुंदी निम्मी, वाढ चौपट. प्रयोगशाळेतली मोजपात्रे उंच आणि अरुंद असतात ती यासाठीच. अरुंद नळीत लहान फरक मोठा होऊन दिसतो.

पाणी ते सोनोग्राफी

रुग्णाच्या गळ्यातली गाठ काही बरणीत टाकता येत नाही. मग सोनोग्राफीच्या अहवालात 'व्हॉल्यूम इतके सीसी' असे कसे लिहिलेले असते? पुरुषांच्या प्रोस्टेटच्या अहवालात तर हा आकडा हमखास असतो, आणि रुग्णांना वाटते की यंत्राने तो मोजला. खरे तर सहसा मोजलेल्या असतात तीन लांब्या: उंची, रुंदी आणि जाडी. या तिघांचा गुणाकार करून त्याला साधारण ०.५२ ने गुणतात.

हे ०.५२ आले कुठून? पुन्हा आर्किमिडीजकडूनच. तीन लांब्यांचा गुणाकार म्हणजे एका खोक्याचे घनफळ. खोक्यात जेमतेम मावणारी वृत्तचिती त्याचा साधारण ७८.५ टक्के भाग घेते. वृत्तचितीत जेमतेम मावणारा गोळा तिचा दोन तृतीयांश. म्हणजे गोळा खोक्याचा ५२ टक्क्यांहून थोडा जास्त भाग व्यापतो. गाठ अंड्यासारखी लांबट असली तरी हा आकडा तोच राहतो, कारण लांबटपणा खोक्यालाही तेवढाच मिळतो.

पण गाठ किंवा ग्रंथी वेडीवाकडी असेल तर? तिथे पाणीच पंच. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव मोजपात्रात बुडवला की त्याच्या खाचाखोचांसकट खरे आकारमान कळते. पाण्याला आकार गोल आहे की ओबडधोबड, याच्याशी देणेघेणे नसते. सोनोग्राफीचे गणित कितपत बरोबर, हे अशा तुलनेतून पडताळता येते. थायरॉइडची पाळी ही नेमकी अंडाकृती नसते, म्हणून तिच्यासाठी काही ठिकाणी ०.५२ ऐवजी ०.४७९ हा आकडा वापरतात. अहवालातला 'सीसी'चा आकडा असा अंदाजाचा असतो. तो चांगला अंदाज आहे, पण त्यात दशांशानंतर दोन आकडे दिसले म्हणून तो तेवढा अचूक होत नाही.

ताईंच्या गाठीचे गणित

आता ताईंकडे येऊ. मुलाने केसपेपरच्या मागे गणित मांडले. २ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचे घनफळ सुमारे ४.२ सीसी. २.४ सेंटिमीटरच्या गाठीचे सुमारे ७.२ सीसी. ३ सेंटिमीटर रुंदीच्या नळीत दोन्ही बुडवल्या असत्या, तर पहिलीने पाणी ६ मिलिमीटर चढवले असते, दुसरीने १० मिलिमीटर. व्यासात २० टक्के वाढ, पण गाठीत प्रत्यक्ष ७० टक्क्यांहून जास्त भर पडली होती.

तो थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग आईला म्हणाला, "आई, दोन गाठींची जवळजवळ साडेतीन झालीय."

मी त्याला लगेच थांबवले. कारण इथे उलटी चूक व्हायची. मोजण्यातली चूकही व्यासावरून घनफळात जाताना तिपटीच्या आसपास फुगते. वेगळ्या दिवशी, वेगळ्या डॉक्टरने, यंत्र थोडे तिरके धरून मोजले तर एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. २० मिलिमीटरची गाठ २१ मोजली गेली, तर घनफळ १६ टक्क्यांनी वाढलेले दिसते, आणि गाठ जागची हललेलीही नसते. ८ मिलिमीटरची छोटी गाठ ९ मोजली गेली, तर कागदावर ती ४२ टक्क्यांनी वाढलेली असते! लहान गाठींबाबत रुग्ण घाबरून येतात, ते बहुतेक वेळा अशाच एका मिलिमीटरमुळे.

म्हणून थायरॉइडच्या तज्ज्ञांनी 'खरी वाढ' कशाला म्हणायचे याचा एक उंबरठा ठरवला आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गाठीच्या निदान दोन मापांत २० टक्के वाढ हवी आणि ती प्रत्येकी किमान २ मिलिमीटर हवी, किंवा घनफळात ५० टक्क्यांहून जास्त वाढ हवी. वरवर या दोन अटी वेगळ्या वाटतात. पण दोन मापे २० टक्क्यांनी वाढली, तर १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४, घनफळ ४४ टक्क्यांनी वाढले. तिसरेही थोडे वाढले की ५० पार. एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली आहे. आणि २ मिलिमीटरची अट लहान गाठींसाठी आहे, मोजण्यातल्या एका मिलिमीटरने कुणाची धावपळ होऊ नये म्हणून.

ताईंची गाठ तिन्ही मापांत २० टक्क्यांनी आणि प्रत्येकी ४ मिलिमीटरने वाढली होती. उंबरठा ओलांडला होता. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ही वाढ खरी आहे, म्हणून सुईची तपासणी पुन्हा करायची आणि ती दिवाळीपर्यंत ठेवायची नाही. दुसरी, वाढली म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. साध्या गाठीही वाढतात. वाढ ही फक्त पुन्हा बघा असे सांगते. काय आहे, ते सुईतून आलेल्या पेशी सांगतात.

घटतानाही तेच गणित

हेच गणित कमी होण्यालाही लागू पडते, आणि तिथे ते धीर देणारे ठरते. कर्करोगाच्या उपचारात गाठ औषधाला दाद देते का, हे बहुतेक वेळा सीटी स्कॅनवर व्यास मोजून ठरवतात. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली, तर 'अंशतः प्रतिसाद' असे लिहितात. रुग्णाच्या घरच्यांना हा शब्द वाचून वाईट वाटते. चार केमो झाल्या आणि गाठ पाचाची साडेतीन सेंटिमीटर, एवढेच?

बरणी आठवा. ५ सेंटिमीटरच्या गोळ्याचे घनफळ सुमारे ६५ सीसी, साडेतीन सेंटिमीटरच्या गोळ्याचे सुमारे २२ सीसी. गाठीचा दोन तृतीयांश भाग गेला आहे. त्याच निकषांमध्ये आजार वाढला असे म्हणायला बेरजेत २० टक्के वाढ लागते. म्हणजे गोल गाठीसाठी घनफळात तीच ७० टक्क्यांहून जास्त वाढ, जी आपण ताईंच्या गाठीत पाहिली. घटीसाठी ३० आणि वाढीसाठी २०, हे आकडे व्यासात असमान दिसतात. घनफळात मात्र एक जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आणते, दुसरे पावणेदोनपटीच्या जवळ नेते.

इथेही मर्यादा लक्षात ठेवायची. हे सगळे गाठ गोल आहे असे धरून. गाठ एकाच दिशेला लांबत गेली, तर लांबी दुप्पट होऊनही घनफळ दुप्पटच होते, आठपट नाही. आणि गाठीच्या आत पाणी साचले किंवा मधला भाग मृत झाला, तर बाहेरचे माप तेच राहून आतले चित्र बदललेले असू शकते. पाण्याच्या बरणीला गोळ्याच्या आत काय आहे ते कधीच कळत नाही. व्यासालाही कळत नाही.

अहवाल हातात घेताना

सोनोग्राफीचे दोन अहवाल तुलनेसाठी हातात असतील, तेव्हा एवढे बघा. दोन्हींत तिन्ही मापे दिली आहेत का? एकात फक्त एकच व्यास असेल तर तुलना लंगडी आहे. एकक एकच आहे का? एकात सेंटिमीटर, दुसऱ्यात मिलिमीटर असले की २.४ आणि २४ यांचा गोंधळ होतो. गाठ तीच आहे का? थायरॉइडमध्ये एकाहून जास्त गाठी असणे नेहमीचे आहे, आणि मागच्या वेळची डावी वरची आणि या वेळची डावी खालची यांची तुलना व्यर्थ आहे. तिन्ही ठीक असेल तर तिन्ही मापांचा गुणाकार करा, ०.५२ ने गुणा, आणि दोन अहवालांचे घनफळ शेजारी लिहा. शक्य असेल तर पुढची सोनोग्राफी त्याच ठिकाणी करा, म्हणजे मोजणारा हात बदलणार नाही. आणि उत्तर काहीही आले तरी ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. घनफळ किती हे गणिताने कळते, पुढे काय करायचे हे गाठीचे सोनोग्राफीतले रूप, तुमचे वय, तक्रारी आणि पेशींचा अहवाल यांवर ठरते.

ताईंची तपासणी आठवड्याभरात झाली. पेशींचा अहवाल पुन्हा साधाच आला. सलग दोनदा साधा अहवाल आल्यावर त्या गाठीत कर्करोग आहे का हे शोधण्यासाठी दर वर्षी सोनोग्राफी करत बसावे लागत नाही. म्हणजे जी तपासणी त्यांना नकोशी होती, तिनेच पुढच्या बऱ्याच फेऱ्या वाचवल्या. गाठ वाढून गिळायला अडचण झाली, आवाज बसला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच यायचे, एवढे सांगून मी केसपेपर परत दिला.

मुलगा दारातून मागे वळला. "डॉक्टर, परीक्षेत पाणी गोळ्याच्या वरपर्यंत आलंच नाही असं गणित आलं तर?"

"तर आधी शेवटची पातळी आणि गोळ्याचा व्यास यांची तुलना कर," मी म्हणालो, "आणि मग पुढे लिही."